पैसे खात्यातून गेले, चलन मात्र आलं नाही : बाबांचा आयकर

मेधा_सांगली · २८ जुलै २०२४, सकाळी ९:१२

नमस्कार. काल रात्री बाबांचा आयकर नेट बँकिंगने भरला आणि मध्येच अडकले आहे. झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय ७२. पेन्शन आणि ठेवींचं व्याज एवढंच उत्पन्न. टीडीएस वजा जाऊन ₹ २१,४६० भरायचे निघाले. मी पुण्यात असते, ते सांगलीत. त्यांच्या पॅनने पोर्टलवर लॉगिन केलं, e-Pay Tax मध्ये जाऊन निर्धारण वर्ष २०२४-२५ आणि Self Assessment Tax (300) निवडलं, चलनाचा संदर्भ क्रमांक म्हणजे सीआरएन तयार झाला. मग माझ्या खात्याचं नेट बँकिंग उघडलं. ओटीपी टाकला, पैसे वजा झाल्याचा मेसेज १०:४१ ला आला, पण पान परत पोर्टलवर आलंच नाही. चाक फिरत राहिलं आणि शेवटी सेशन संपल्याचं आलं.

आता पोर्टलवर हे चलन अजून Generated Challans मध्येच दिसतंय, मुदत ११ ऑगस्ट. Payment History रिकामी. बँकेच्या स्टेटमेंटला ₹ २१,४६० वजा आहेत आणि समोर एक लांबलचक आकडा आहे.

काल चौथा शनिवार, आज रविवार, म्हणजे शाखेत कुणी भेटणार नाही. ३१ तारीख बुधवारी. बाबा सकाळपासून दोनदा विचारून झाले, "पावती आली का?" त्यांच्याकडे पूर्वीच्या सगळ्या चलनांच्या शिक्का मारलेल्या पावत्या एका फायलीत लावलेल्या आहेत. त्यांना काय सांगू? आणि माझ्या खात्यातून भरले म्हणून तर अडकलं नसेल?

नगरकर_दादा · २८ जुलै, सकाळी ९:४०

मेधाताई, घाबरू नका. २६एएस उघडा, त्यात तीन-चार दिवसांत भरलेला कर दिसतो. तिथे आला म्हणजे सरकारकडे पोचला. मी दहा वर्षं असंच बघतोय.

ऋतुजा_ठाणे · २८ जुलै, सकाळी १०:०५

मी तर म्हणेन की नवीन सीआरएन काढून परत भरून टाका. ३० आणि ३१ ला पोर्टल इतकं संथ होतं की लॉगिनही होत नाही. आधीचे पैसे आज ना उद्या खात्यात परत येतातच, माझे दोन वर्षांपूर्वी आले होते.

मेधा_सांगली · २८ जुलै, सकाळी १०:२२

दादा, २६एएस आत्ताच उघडला. त्यात फक्त पेन्शनचा आणि बँकेचा टीडीएस आहे, भरलेल्या कराचा रकानाच सापडत नाही. ऋतुजा, परत भरायचे तर अजून एकवीस हजार हवेत, महिनाअखेर आहे. भरेन, पण आधी पहिल्या पैशांचं काय झालं ते कळायला हवं.

लेखाजोखा · २८ जुलै, सकाळी ११:३०

मेधाताई, अजून भरू नका. मी सोलापुरात एका कर सल्लागाराकडे बावीस वर्षं काम करतो, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अशी चार-पाच चलनं दरवर्षी हाताखालून जातात.

तुमच्याकडे आत्ता एकच गोष्ट आहे, पैसे वजा झाल्याचा पुरावा. कर जमा झाल्याचा पुरावा वेगळा असतो, तो म्हणजे सीआयएन. सीआरएन हा नुसता चलनाचा संदर्भ क्रमांक, तो पैसे न भरताही तयार होतो. बँकेने सरकारच्या वतीने पैसे घेतले की सीआयएन पडतो, आणि त्याच्यासोबत सात आकडी बीएसआर कोड आणि पाच आकडी चलन क्रमांक येतो. विवरणपत्रात हेच दोन आकडे, तारीख आणि रक्कम भरायची असते. स्टेटमेंटमधला लांब आकडा तिथे चालत नाही. तो बँकेशी बोलताना उपयोगी पडतो, म्हणून लिहून ठेवा.

अडकलं कुठे, तर बहुधा परतीच्या वाटेवर. पैसे वजा झाल्यावर बँकेचं पान पोर्टलला निरोप देतं, आणि तेवढ्यात ब्राउझर तुटला की निरोप तुटतो. पण बँक आणि पोर्टल यांचा हिशेब त्या पानावर अवलंबून नसतो, तो मागाहून जुळवला जातो. त्यामुळे दोनपैकी एक होतं. सीआयएन पडतो आणि चलन Generated Challans मधून उठून Payment History मध्ये येतं, नाहीतर बँकेला पैसे परत करावे लागतात. आत्ता यातलं काहीच झालेलं नाही, म्हणून नवीन सीआरएन काढलात तर दोन स्वतंत्र चलनं होण्याची शक्यता खरी आहे.

तुमच्या खात्यातून भरल्याने काही बिघडत नाही. श्रेय चलनावरच्या पॅनला मिळतं, खातं कुणाचं हे बघत नाहीत. तेवढं बाबांना निर्धास्त सांगा.

नगरकर दादा, तुमचं म्हणणं पूर्वी बरोबर होतं. निर्धारण वर्ष २०२३-२४ पासून ट्रेसेस या टीडीएसच्या साइटवरच्या २६एएसमध्ये फक्त टीडीएस आणि टीसीएस दिसतो. स्वतः भरलेला कर आता एआयएस या वार्षिक माहिती विवरणात, Payment of Taxes या टॅबखाली. आमच्या ऑफिसात दरवर्षी कुणी ना कुणी २६एएस कोरा बघून घाबरून फोन करतं.

नगरकर_दादा · २८ जुलै, सकाळी ११:५२

हे मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मला भरायचं काही निघालंच नाही, म्हणून लक्षात आलं नसावं. मेधाताई, माझा सल्ला मागे घेतो.

मसाले_घरचे · २८ जुलै, दुपारी १२:१०

माझंही असंच झालंय. मी घरून मसाले विकते, व्यवसाय कराचे ₹ २,५०० जूनमध्ये नेट बँकिंगने भरले, पण अजून भरलेले दिसत नाहीत. मीही हे एआयएस उघडून बघू का?

लेखाजोखा · २८ जुलै, दुपारी १२:२५

ताई, तुमचा व्यवसाय कर राज्य सरकारकडे जातो, आयकर केंद्राकडे. एआयएसमध्ये तो कधीच दिसणार नाही. तुमच्या एमटीआर-६ चलनावर एमएच ने सुरू होणारा जीआरएन असेल, तो ग्रास या राज्य सरकारच्या साइटवर टाकून चलन शोधा. तिथे सापडलं तर पैसे पोचलेत आणि उरलेला प्रश्न फक्त तुमच्या नोंदणी क्रमांकाशी जोडणीचा आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन कर एकमेकांत मिसळतील.

मेधा_सांगली · २८ जुलै, दुपारी १:४५

लेखाजोखा, मनापासून आभार. मग किती थांबू? एक दिवस थांबले तर व्याज लागेल का? बाबांना जुनी करप्रणालीच हवी आहे, ठेवींच्या व्याजाची ₹ ५०,००० ची वजावट आणि आरोग्य विम्याचा हप्ता त्यातच मिळतो.

लेखाजोखा · २८ जुलै, दुपारी २:३०

जुनी प्रणाली हवी आहे हे सांगितलंत ते बरं झालं, कारण तुमची खरी मुदत त्यावर ठरते.

बाबा साठीच्या पुढचे आहेत आणि धंद्याचं उत्पन्न नाही, म्हणून त्यांना आगाऊ कर भरायची सक्तीच नाही. त्यामुळे २३४बी आणि २३४सी चं व्याज त्यांना लागत नाही. म्हणजे २७ ला भरला काय आणि ३१ ला भरला काय, कर तेवढाच. ३१ उलटली आणि विवरणपत्र राहिलं तर मात्र २३४ए खाली दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का. तुमच्या रकमेवर ते महिन्याला ₹ २१४, कारण हिशेबात शंभराखालची रक्कम सोडतात.

पण ₹ २१४ ची चिंता नको. उशीर शुल्क ₹ ५,००० पर्यंत असतं, आणि त्याहून मोठं म्हणजे जुनी प्रणाली निवडण्याचा हक्क जातो. या वर्षापासून नवी प्रणाली मूळ धरली आहे, जुनी हवी तर विवरणपत्र मुदतीतच जायला हवं. वजावटी गेल्या तर बाबांचा कर किती वाढेल तो हिशेब करून बघा.

म्हणून माझ्या मते मंगळवारी दुपारपर्यंत थांबा. सोमवारी बँकेला गाठा. मंगळवारी दुपारी सीआयएनही नाही आणि पैसेही परत नाहीत अशी वेळ आली, तर जड मनाने नवीन चलन भरा आणि विवरणपत्र पाठवा. पुढे पहिल्याचाही सीआयएन पडला तर पैसे बुडत नाहीत. विवरणपत्र सुधारून दोन्ही चलनं दाखवायची, जास्तीची रक्कम परतावा म्हणून येते. वेळ मात्र लागतो.

आज एक काम करता येईल. तुमच्या नेट बँकिंगमध्ये कर भरण्याचा विभाग असेल, त्यात जुनं चलन पुन्हा छापण्याची सोय बहुतेक बँका देतात. पोर्टलच्या आधी तिथे सीआयएन दिसल्याचं मी पाहिलंय.

ऋतुजा_ठाणे · २८ जुलै, दुपारी ३:०८

माझे पैसे परत आले ते बँकेने व्यवहारच रद्द केला म्हणून असावेत. प्रत्येकाचं तसंच होईल असं मी गृहीत धरलं. पण ३१ ची गर्दी खरी आहे, मंगळवारच्या पुढे जाऊ नका.

मेधा_सांगली · २९ जुलै, दुपारी १२:४०

बँकेचा विभाग काल बघितला, नोंद होती पण अवस्था प्रक्रियेत. आज शाखेत जाऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "पैसे सरकारकडे गेलेत, आमच्याकडे आता काही नाही." मी म्हटलं, मग सीआयएन द्या. त्या म्हणाल्या तो पोर्टलवर मिळेल. पोर्टलवर नाही म्हणूनच तर आले होते. पंधरा मिनिटं हेच चाललं.

लेखाजोखा · २९ जुलै, दुपारी १:०५

शाखेला बऱ्याचदा फक्त वजा-जमा दिसते. कराचा व्यवहार बँकेची वेगळी शाखा किंवा केंद्र बघतं. तोंडी न विचारता लेखी तक्रार टाका, आणि तिच्यात चारच गोष्टी लिहा: सीआरएन, पॅन, रक्कम, आणि स्टेटमेंटमधला तो लांब आकडा तारखेसह. मागणीही एकच, सीआयएन द्या किंवा रक्कम परत करा. "कर भरला पण दिसत नाही" असं लिहिलं तर उत्तर "पोर्टलशी संपर्क साधा" असंच येतं.

जयंत_कराड · २९ जुलै, सायंकाळी ५:३०

हा धागा वाचून मी माझं मार्चचं चलन उघडलं आणि धक्का बसला. मी छोटा सर्व्हेअर आहे. १५ मार्चला आगाऊ कर ₹ ३४,००० भरला. चलन सुखरूप, सीआयएन आहे, बीएसआर आहे. पण निर्धारण वर्ष २०२३-२४ पडलंय. मी कमाई २०२३-२४ ची म्हणून तेच निवडलं. भरायला हवं होतं २०२४-२५. तरीच एआयएसमध्ये यंदाच्या वर्षाला कर दिसत नव्हता. मला वाटत होतं पोर्टलच मागे आहे. आता?

लेखाजोखा · २९ जुलै, सायंकाळी ६:१५

जयंतराव, पैसे सरकारकडे पोचलेत, फक्त चुकीच्या कप्प्यात पडलेत. कमावलेलं वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष यांची ही गल्लत सर्वात जास्त दिसते, कारण निवडताना दोन्ही आकडे खरेच वाटतात.

पोर्टलवर Services मध्ये Challan Correction आहे. तिथे वर्ष आणि कराचा प्रकार बदलता येतो, चलन आधीच कुठल्या विवरणपत्रात वापरलेलं नसेल तर. पण वर्ष बदलायची मुदत भरल्यापासून सात दिवस, प्रकार बदलायची तीस दिवस. तुमचे चार महिने झाले. आता तुमच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागेल, चलनाची प्रत आणि दोन्ही वर्षांचा हिशेब जोडून.

आणि विवरणपत्र ३१ च्या आत भरा, अर्जाच्या उत्तराची वाट बघू नका. त्यात काय दाखवायचं, यावर मात्र आमच्या ऑफिसातही दोन मतं आहेत. साहेब म्हणतात चलन यंदाच्या वर्षात दाखवा, मागणी आली की दुरुस्ती मागू. माझं मत, जमत असेल तर यंदाचा कर आत्ता व्याजासह भरा आणि जुनं चलन सोडवून परतावा घ्या. पहिल्यात मागणीची नोटीस जवळजवळ ठरलेली, दुसऱ्यात पैसे दोनदा अडकतात.

जयंत_कराड · २९ जुलै, सायंकाळी ६:४०

चौतीस हजार परत उभे करणं या आठवड्यात शक्य नाही. साहेबांचा मार्ग घेतो आणि अर्ज उद्याच नेऊन देतो.

मेधा_सांगली · २९ जुलै, रात्री ८:५५

आलं!

तक्रार साडेतीनला टाकली होती. तिच्यामुळे की आपोआप, सांगता येणार नाही, पण आठ वाजता Payment History मध्ये चलन आलं आणि पावती उतरवता आली. Date of Deposit २७ जुलैच आहे, आजची नाही. बीएसआर कोड, चलन क्रमांक 00417, रक्कम ₹ २१,४६०. जयंतरावांचं वाचलेलं असल्यामुळे आधी वर्ष बघितलं, २०२४-२५ आहे. प्रकार ३००. पॅन बाबांचाच.

एक शंका. बाबांनी फायलीतल्या जुन्या पावतीशी ताडून बघितलं आणि फोन केला की बीएसआर कोड वेगळा आहे, हा आपल्या शाखेचा नाही. खरंच वेगळा आहे.

लेखाजोखा · २९ जुलै, रात्री ९:२०

फार छान झालं. बाबांचं निरीक्षणही अचूक आहे. तेव्हा ते सांगलीच्या शाखेत रोख किंवा धनादेश देत होते, म्हणून त्या शाखेचा कोड छापला जायचा. नेट बँकिंगचा कर बँक तिच्या ठरलेल्या शाखेमार्फत जमा करते, म्हणून तिचा कोड येतो. पावतीवर जो आहे तोच विवरणपत्रात घाला, आपल्या शाखेचा घालू नका.

आणि तारीखही पावतीवरचीच. विवरणपत्रात चलनाची ओळ आपोआप आली नसेल तर हाताने भरा, एआयएसमध्ये येईपर्यंत थांबायची गरज नाही. चलन क्रमांकाचे सुरुवातीचे दोन शून्य सोडू नका.

ऋतुजा_ठाणे · २९ जुलै, रात्री ९:४८

शून्यांवरून माझ्या सासऱ्यांचं सांगते. आम्ही चलनाचे तपशील एक्सेलमध्ये उतरवून ठेवले होते. बीएसआर कोड शून्याने सुरू होत होता, एक्सेलने तो खाल्ला. विवरणपत्राने सहा आकडे घेतले नाहीत म्हणून नवऱ्याने घाईत शेवटी एक शून्य लावला. चार महिन्यांनी १४३(१) ची सूचना आली, कराचं श्रेय शून्य आणि सगळी रक्कम व्याजासकट मागितलेली. पैसे पहिल्या दिवशीच जमा होते, तरी. कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती टाकली, बरोबर कोड दिला, मग मागणी गेली. सासरे मात्र तेवढे दिवस झोपले नाहीत. म्हणून सांगते, पावतीवरून बघून टाका, वहीवरून नको.

मेधा_सांगली · ३० जुलै, सकाळी १०:३०

पावती समोर ठेवून, बाबांना फोनवर एकेक आकडा वाचायला लावून भरलं. विवरणपत्र गेलं, त्यांच्या आधारच्या ओटीपीने पडताळणीही झाली. पावती छापून त्यांना पाठवतेय, फायलीत लावायला. शिक्का नाही हे त्यांना अजून खटकतंय.

मेधा_सांगली · १ ऑगस्ट, सायंकाळी ७:१०

नोंद म्हणून लिहिते. आज एआयएसमध्ये Payment of Taxes खाली तीच ओळ आली, बीएसआर, तारीख, 00417, सगळं पावतीसारखंच. म्हणजे पैसे वजा झाल्यापासून पाचव्या दिवशी.

जयंत_कराड · १९ सप्टेंबर, रात्री ९:०५

धागा वर काढतो. ३० जुलैला अर्ज नेऊन दिला होता, पोच घेतली आहे. विवरणपत्रात मार्चचं चलन यंदाच्या वर्षात दाखवलं. काल १४३(१) आलं, ₹ ३४,००० आणि त्यावर व्याज. निर्धारण अधिकाऱ्याकडून उत्तर नाही, दोनदा जाऊन आलो, फाइल पुढे गेलीय एवढंच कळतं. मागणीला असहमती नोंदवून अर्जाची पोच जोडावी असं वाटतंय. कुणी अशा वेळी नेमकं काय केलंय, आणि तोवर व्याज वाढत राहतं का?

लेखाजोखा · १९ सप्टेंबर, रात्री १०:२०

असहमती नोंदवा, मुदत बघून, आणि पोच व चलन दोन्ही जोडा. आत्ता १५४ टाकू नका. चलनाचं वर्ष बदललेलं नसताना टाकली तर तेच उत्तर परत येईल. आधी वर्ष दुरुस्त व्हायला हवं. व्याजाबद्दल माझं म्हणणं असं की पैसे १५ मार्चलाच सरकारकडे होते, तेव्हा वर्ष बदलल्यावर ते त्याच तारखेचे धरले जावेत. पण आदेशात तसं उतरतं का, ते तुमच्या हातात कागद आला की इथे लिहा. साहेबांनाही ते बघायचं आहे.